फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या ग्रिड बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर प्रकल्पात, वितरण कंपनीत किंवा बॅटरीच्या देखभालीत काम करणारे वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सगळी उत्तरं लिथियम-आयन बॅटऱ्यांबद्दल आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. फ्रिक्वेन्सी रेग्युलेशनमध्ये बॅटरी नेमकं काय करते?

ग्रिडमध्ये वीज जितकी तयार होते तितकीच त्या क्षणी वापरली जायला हवी. वापर वाढला की फिरणारी जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली येते. वापर घटला की ती वर जाते. भारतात ती 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी असं ग्रिड कोड सांगतो. फ्रिक्वेन्सीचा काटा जागेवर ठेवण्यासाठी बॅटरी काही सेकंद वीज देते, काही सेकंद घेते आणि पुन्हा देते. काही सेवांमध्ये बॅटरीचा इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी स्वतःच मोजून प्रतिसाद देतो. काहींमध्ये नियंत्रण केंद्राकडून आज्ञा येते. आपल्याकडच्या दुय्यम राखीव सेवेत राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राचा सिग्नल दर 4 सेकंदांनी येतो.

रोजची खोल सायकल यापेक्षा अगदी वेगळी. दुपारी सौर विजेवर बॅटरी भरायची आणि संध्याकाळच्या मागणीत ती जवळजवळ रिकामी करायची. म्हणजे दिवसात एक मोठा चढ आणि एक मोठा उतार.

2. दिवसभर सतत चार्ज-डिस्चार्ज चालू असतं. मग बॅटरीचं आयुष्य महिन्यांतच संपायला हवं ना?

नाही. डेटा शीटवर ‘6,000 सायकली’ लिहिलेलं असतं आणि इथे तर दिवसाला शेकडो वेळा दिशा बदलते, म्हणून ही भीती वाटते. पण डेटा शीटवरची सायकल म्हणजे जवळजवळ पूर्ण भरून जवळजवळ पूर्ण रिकामं करणं.

एक हिशेब करून पाहू. 10 मेगावॉट क्षमतेची, 10 मेगावॉट-तास ऊर्जा साठवणारी बॅटरी घ्या. फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळ 50 च्या अगदी जवळ असते, त्यामुळे बॅटरी क्वचितच पूर्ण ताकदीने चालते. सरासरी वापर ताकदीच्या 8 टक्के धरू, म्हणजे 0.8 मेगावॉट. 24 तासांत आत-बाहेर मिळून 19.2 मेगावॉट-तास फिरले. त्यातले निम्मे बाहेर गेले, म्हणजे सुमारे 9.6. ही जवळजवळ एका पूर्ण सायकलीइतकी ऊर्जा झाली.

म्हणजे दिवसाकाठी फिरणारी ऊर्जा खोल सायकल करणाऱ्या बॅटरीइतकीच आहे. फरक पडतो तो ती ऊर्जा किती तुकड्यांत फिरली यामुळे. समजा खोल बॅटरीने 100 टक्क्यांची एक सायकल केली आणि फ्रिक्वेन्सीवाल्या बॅटरीने 1 टक्क्याच्या शंभर. अनेक प्रकारच्या सेलमध्ये झीज खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. ती खोलीच्या दीड घातात वाढते असं मानलं, तर 1 टक्क्याच्या एका सायकलीची झीज पूर्ण सायकलीच्या हजाराव्या भागाइतकी येते आणि शंभरांची मिळून दहाव्या भागाइतकी. हा घातांक सेलगणिक बदलतो, म्हणून ‘दहावा भाग’ हा आकडा धरून बसू नका. दिशा मात्र पक्की आहे.

3. असं का होतं? सेलच्या आत काय वेगळं घडतं?

चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतं आणि ग्रॅफाइट फुगतं. पूर्ण भरलं की त्याचं आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढलेलं असतं. ग्रॅफाइटच्या कणांवर एक पातळ संरक्षक थर असतो. पहिल्या काही चार्जिंगमध्ये तो इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तयार होतो आणि पुढचं विघटन रोखून धरतो. कण जोरात फुगला की हा थर तडकतो आणि उघड्या पडलेल्या जागेवर नवा थर चढतो. त्या नव्या थरात लिथियम कायमचं अडकतं. क्षमता घटते ती मुख्यतः अशा हरवलेल्या लिथियममुळे. त्यातच कण स्वतः भेगाळले, की काही भागाचा विद्युत संपर्कच तुटतो.

तार जरा जरा वाकवली तर ती शेकडो वेळा सहन करते, आणि काटकोनात वाकवली तर थोड्याच वेळांत तुटते. कणांवरचा ताणही तसाच आहे. 50 टक्क्यांच्या आसपास एक-दोन टक्के हालचाल झाली, तर फुगणं इतकं थोडं असतं की थराला ते झेपतं. शिवाय भरणीच्या दोन्ही टोकांना सेलवर सर्वात जास्त ताण येतो, आणि उथळ सायकल त्या टोकांपर्यंत जातच नाही.

अपवाद दोन. लिथियम टायटॅनेटचं ऋण टोक भरताना जवळजवळ फुगतच नाही, त्यामुळे त्याला खोलीचा फारसा फरक पडत नाही. इंग्लंडमधल्या विलेनहॉल इथल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या 2 मेगावॉट संशोधन बॅटरीत हेच रसायन आहे. याच्या उलट, ऋण टोकात सिलिकॉन मिसळलेलं असेल तर फुगणं खूप जास्त असतं. तिथे ग्रॅफाइटचे ठोकताळे लावू नका.

4. सायकलीने झीज होत नसेल, तर ही बॅटरी म्हातारी होते तरी कशाने?

मुख्यतः काळाने. वर सांगितलेला थर बॅटरी नुसती पडून असली तरी हळूहळू वाढतो. सुरुवातीला भराभर आणि पुढे मंद, साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. याला कॅलेंडर झीज म्हणतात. तिचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, तापमान आणि बॅटरी किती भरलेली ठेवली आहे. तापमान 10 अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात.

खोल सायकल करणाऱ्या बॅटरीलाही कॅलेंडर झीज चुकत नाही, पण तिथे सायकलींची झीज वर भर घालते. फ्रिक्वेन्सीच्या कामात ती भर थोडी असल्याने आयुष्य बहुतांशी कॅलेंडरच ठरवतं. म्हणून माझं मत ठाम आहे: अशा प्रकल्पात सायकली मोजण्यावर जितकं लक्ष जातं, त्यातलं निम्मं तरी एअर कंडिशनिंगकडे वळवावं. मे महिन्यात चंद्रपूरला बाहेर 45 अंश असताना एक कूलिंग युनिट आठवडाभर बंद राहिलं, तर त्या कंटेनरमधल्या सेलचं जे नुकसान होतं ते हजारो छोट्या सायकलींच्या नोंदीत कुठेच दिसत नाही.

5. बॅटरी 50 टक्क्यांवरच का ठेवतात? आणखी खाली ठेवली तर आयुष्य वाढेल का?

50 टक्क्यांचं कारण आयुष्य नाही, काम आहे. आज्ञा ‘दे’ अशी येईल की ‘घे’ अशी, हे आधी माहीत नसतं, म्हणून दोन्ही बाजूंना सारखी जागा लागते.

आयुष्याच्या दृष्टीने हा मध्यबिंदू तसा बरा आहे. ग्रॅफाइट साधारण अर्ध्याहून जास्त भरलं की त्याचा विद्युतदाब एक पायरी खाली उतरतो आणि इलेक्ट्रोलाइटचं विघटन जोर धरतं. त्यामुळे कॅलेंडर झीज भरणीबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. काही पट्ट्यांत ती जवळजवळ सपाट असते आणि मध्येच पायरीसारखी चढते. तुमच्या सेलची पायरी 55 टक्क्यांना असेल, तर 50 ऐवजी 60 वर बॅटरी ठेवण्याने बराच फरक पडेल, पण 70 ऐवजी 80 वर ठेवल्याने फारसा पडणार नाही. उत्पादकाकडे वेगवेगळ्या भरणीवरच्या साठवण चाचण्या असतात. त्या मागून घ्या. करारात दोन्ही बाजूंची ताकद सारखी मागितलेली नसेल, तर 40-45 वर बॅटरी ठेवून पाहणं फायद्याचं असतं.

6. सायकली इतक्या छोट्या, तरी आमचे सेल गरम का होतात?

कारण उष्णता खोलीवर ठरत नाही, ती करंटच्या वर्गावर ठरते. एक मेगावॉट-तास ऊर्जा दोन पद्धतींनी फिरवून पाहा. एकदा पूर्ण वेळ 10 टक्के ताकदीने, आणि एकदा फक्त दहाव्या भागाइतका वेळ पूर्ण ताकदीने. ऊर्जा तेवढीच, पण दुसऱ्या पद्धतीत सेलमध्ये निर्माण होणारी उष्णता दहापट असते. आणि फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलला असे झटके द्यायची सवय असते.

दुसरं कारण प्रकल्पाच्या रचनेत आहे. संध्याकाळच्या मागणीसाठी बांधलेली बॅटरी चार तासांची असली, तर पूर्ण ताकदीलाही सेलमधून क्षमतेच्या फक्त पाव पट करंट जातो. फ्रिक्वेन्सीसाठी बांधलेल्या बॅटऱ्या अनेकदा लहान आणि जोरकस असतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात लॉरेल माउंटनवर 2011 मध्ये उभी राहिलेली बॅटरी 32 मेगावॉट आणि फक्त 8 मेगावॉट-तास होती. पूर्ण ताकदीने ती पाव तासात रिकामी होणार, म्हणजे क्षमतेच्या चौपट करंट. अशा ठिकाणी कंटेनरच्या हवेचं तापमान बघून समाधान मानू नका. मॉड्यूलच्या मधल्या सेलचं तापमान आणि एकाच रॅकमधल्या सर्वात गरम आणि सर्वात थंड सेलमधला फरक बघा. हा फरक कायम राहिला की गरम सेल आधी झिजतात, आणि रांगेत जोडलेल्या रॅकची क्षमता तिच्यातला सर्वात कमजोर सेल ठरवतो.

7. सिग्नल दोन्ही बाजूंना सारखाच असतो म्हणतात. मग आमची बॅटरी हळूहळू रिकामी का होत जाते?

कारण दोन्ही बाजूंना सारखी वीज फिरवली तरी मध्ये तोटा होतो. प्रश्न 2 मधल्या बॅटरीने दिवसात 9.6 मेगावॉट-तास बाहेर दिले आणि जाऊन-येऊन कार्यक्षमता 88 टक्के असली, तर तेवढं देण्यासाठी तिला सुमारे 10.9 आत घ्यावे लागतात. रोजची तूट 1.3 मेगावॉट-तास, म्हणजे क्षमतेच्या 13 टक्के. कमी ताकदीवर इन्व्हर्टरची कार्यक्षमता घसरते, त्यामुळे उथळ कामात हा तोटा खोल सायकलीपेक्षा जास्त निघतो.

ही तूट भरून काढण्याची पद्धत आयुष्यावर परिणाम करते. बॅटरी 20 टक्क्यांपर्यंत घसरू दिली आणि मग एकदम भरली, तर उथळ कामात रोजची एक बऱ्यापैकी खोल सायकल आपण स्वतःच घुसवतो. त्यापेक्षा थोडं थोडं सतत भरणं बरं. जर्मनीतल्या प्राथमिक राखीव सेवेत यासाठी मुद्दाम मोकळीक ठेवली आहे. 50 हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना 0.01 हर्ट्झपर्यंत प्रतिसाद द्यायचा की नाही हे चालक ठरवू शकतो आणि मागणीपेक्षा 20 टक्क्यांपर्यंत जास्तही देऊ शकतो. बॅटरी कमी भरलेली असेल तेव्हा चालक फ्रिक्वेन्सी वर असताना जास्त घेतो आणि खाली असताना फक्त बंधनाइतकं देतो.

8. सिग्नल बदलला तर त्याच बॅटरीचं आयुष्य बदलतं का?

बदलतं, आणि याचं सर्वात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या पीजेएम या ग्रिड संस्थेचं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने 2011 मध्ये वेगवान प्रतिसादाला जास्त मोबदला द्यायचा आदेश काढला. त्यानुसार 2012 पासून पीजेएमने संथ यंत्रांसाठी ‘रेग-ए’ आणि वेगवान यंत्रांसाठी ‘रेग-डी’ असे दोन सिग्नल चालवले. रेग-डी दर 2 सेकंदांनी यायचा आणि सुमारे पाव तासात घेतलेली-दिलेली ऊर्जा बरोबरीत येईल अशी त्याची रचना होती. याच भरवशावर गुंतवणूकदारांनी 15 ते 30 मिनिटांच्या बॅटऱ्या बांधल्या.

पुढे अडचण आली. बॅटरीला मध्यावर आणण्यासाठी सिग्नल कधी कधी ग्रिडच्या गरजेच्या उलट जाऊ लागला. म्हणून जानेवारी 2017 मध्ये पीजेएमने ही बरोबरी सशर्त केली. ग्रिडला गरज असेल तर सिग्नल एकाच बाजूला जास्त वेळ राहू लागला.

20 मेगावॉट आणि 10 मेगावॉट-तासांच्या बॅटरीवर याचा परिणाम बघा. ती अर्धी भरलेली आहे. पाव तासात बरोबरी होणार असेल, तर पूर्ण ताकदीने जास्तीत जास्त साडेसात मिनिटं एका दिशेला जाईल. 2.5 मेगावॉट-तास, म्हणजे 25 टक्के, आणि मग परत. नव्या सिग्नलने 15 मिनिटं सलग ‘दे’ म्हटलं तर ती पूर्ण रिकामी होईल. म्हणजे उथळ कामासाठी विकत घेतलेल्या बॅटरीला खोल सायकली, त्याही क्षमतेच्या दुप्पट करंटने. खोल सायकलीची झीज आणि झटक्यांची उष्णता दोन्ही एकत्र आली. बॅटरीमालकांनी त्याच वर्षी नियामक आयोगाकडे तक्रार नेली, आणि जास्त तापणं व आयुष्य घटणं हे मुद्दे त्यात होते.

ग्रिड चालवणाऱ्यांची बाजूही रास्त होती. उलटा जाणारा सिग्नल त्यांच्या काय कामाचा? पण यातून एक गोष्ट समजते: बॅटरीचं आयुष्य रसायनाइतकंच सिग्नलच्या सूत्रात असतं. म्हणून निविदा भरताना सिग्नलचा जुना डेटा मागावा आणि सूत्र बदललं तर काय, याचं कलम करारात असावं.

9. उथळ सायकली मोजायच्या कशा? बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, तर एकच ‘सायकल काउंट’ दाखवतं.

तो काउंट सहसा एकूण ऊर्जेला क्षमतेने भागून काढलेला असतो. खोली त्यात दिसत नाही. खोली बघायची तर भरणीच्या टक्केवारीचा आलेख घ्यावा लागतो आणि त्यावर ‘रेनफ्लो’ पद्धत लावावी लागते. ही पद्धत 1968 मध्ये जपानमध्ये मात्सुइशी आणि एन्डो यांनी धातूंच्या थकव्यासाठी मांडली.

छोटं उदाहरण देतो. भरणी 50 वरून 48, मग 49, मग 40 आणि मग 52 टक्के झाली. नुसते चढ-उतार मोजले तर 2, 1, 9 आणि 12 टक्के दिसतात. रेनफ्लो ओळखतं की 48-49-48 ही एका मोठ्या उतारात अडकलेली 1 टक्क्याची छोटी सायकल आहे. ती बाजूला काढली की 50 ते 40 हा 10 टक्क्यांचा अर्धा फेरा उरतो आणि 40 ते 52 हा 12 टक्क्यांचा. कणांना फुगण्या-आकसण्याचा जो खरा पल्ला सोसावा लागतो तो हा. नुसत्या मोजणीत 10 टक्क्यांचा उतार 2 आणि 9 असा फुटून कमी घातक वाटला असता.

प्रत्यक्ष डेटावर हे केलं की बहुतेक सायकली 1-2 टक्क्यांखाली सापडतात, पण सायकलींच्या झीजेत मोठा वाटा मोजक्या खोल सायकलींचा निघतो. त्या कुठल्या दिवशी झाल्या हे शोधा. बरेचदा त्यामागे प्रश्न 7 मधली चुकीची भरपाई असते.

10. आमच्या एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीने 45 टक्के दाखवत असतानाच अचानक ट्रिप घेतली. सेल खराब झाले का?

बहुधा नाही, मीटर भरकटला असेल. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. 40 टक्के आणि 60 टक्के यांत काही मिलिव्होल्टचा फरक. त्यामुळे बीएमएस करंटची बेरीज-वजाबाकी करत अंदाज ठेवतं. सेन्सरमधली बारीक चूक दिवसेंदिवस साठत जाते. खोल सायकलीत रोज एकदा बॅटरी टोकाला पोचते, तिथे व्होल्टेज तीव्र वळतो आणि मीटर आपोआप दुरुस्त होतो. फ्रिक्वेन्सीचं काम करणारी बॅटरी महिनोन्महिने मध्यावरच फिरते, आणि दुरुस्तीची संधीच येत नाही.

सेलमधला असमतोलही असाच लपून राहतो. तो टोकालाच दिसतो आणि बऱ्याच यंत्रणा समतोल साधण्याचं कामही तिथेच करतात. उपाय एकच: ठरावीक काळाने एकेक रॅक सेवेतून बाहेर काढून हळू पूर्ण भरायची, समतोल होऊ द्यायचा आणि परत आणायची. महिन्याकाठी एखादी पूर्ण सायकल झाल्याने आयुष्यात जी घट येते ती नगण्य असते. ‘आम्ही बॅटरी जपतो, कधी पूर्ण भरतच नाही’ असं सांगणारे चालक भेटतात. एलएफपीच्या बाबतीत हे जपणं नाही.

11. थंडीत काही वेगळी काळजी घ्यावी का?

हो, विशेषतः चार्जच्या झटक्यांची. सेल थंड असताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये सावकाश शिरतं. अशा वेळी मोठा चार्ज करंट आला तर ते पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं, आणि बॅटरी बरीच भरलेली असली तर धोका आणखी वाढतो. रोजच्या सायकलीत चार्जिंग ठरलेल्या वेळी होतं आणि शेवटी करंट कमी करता येतो. इथे चार्जची आज्ञा कुठल्याही क्षणी पूर्ण ताकदीने येऊ शकते. म्हणून तापमान आणि भरणीनुसार चार्जची मर्यादा बीएमएसमध्ये घातलेली असावी आणि तेवढी ताकद बोलीतूनही वजा केलेली असावी.

12. वार्षिक चाचणीत क्षमता आदल्या वर्षीपेक्षा किंचित वाढलेली निघाली. हे शक्य आहे?

शक्य आहे, पण बॅटरी तरुण झाली असा त्याचा अर्थ नाही. सेलमध्ये ऋण टोकाची पट्टी धन टोकाच्या पट्टीपेक्षा थोडी मोठी असते. कडेच्या जास्तीच्या भागात लिथियम फार सावकाश शिरतं आणि तितक्याच सावकाश बाहेर येतं. बॅटरी आधी बराच काळ जास्त भरलेली होती आणि नंतर महिनोन्महिने 50 टक्क्यांखाली राहिली, तर तिथलं लिथियम परत येतं आणि क्षमता वाढल्यासारखी दिसते. उलट क्रमाने तीच घटल्यासारखी दिसते. वॉरंटीच्या वादात हे एक-दोन टक्के महत्त्वाचे ठरू शकतात, म्हणून चाचणी दरवर्षी त्याच तापमानाला आणि तेवढीच विश्रांती देऊन करा आणि आधीच्या काही आठवड्यांतली सरासरी भरणीही नोंदवा. शिवाय सेलचा अंतर्गत रोधही मोजा. या कामात ग्राहकाला ताकद विकायची असते, आणि रोध वाढला की क्षमता शिल्लक असूनही झटक्यात व्होल्टेज मर्यादेला लागतो.

13. वॉरंटी एकूण मेगावॉट-तासांवर आहे. आमच्या कामाला ती योग्य आहे का?

सहसा तुमच्या तोट्याची असते. प्रश्न 2 मध्ये दिसलं तसं, उथळ काम खोल कामाइतकीच ऊर्जा फिरवतं पण सायकलींची झीज कमी करतं. ऊर्जेची मर्यादा संपली म्हणून वॉरंटी संपेल, आणि सेल चांगले असतील. उत्पादकाला रेनफ्लोने काढलेलं खोलीचं वितरण, सरासरी भरणी आणि तापमानाची नोंद द्या आणि त्यावर आधारित अटी मागा.

14. एकाच बॅटरीकडून दुपारी-संध्याकाळी खोल सायकल आणि बाकी वेळ फ्रिक्वेन्सीचं काम करून घेतलं तर?

चालतं, आणि आर्थिकदृष्ट्या हा बरेचदा योग्य मार्ग असतो. मोठ्या उतारावर स्वार झालेल्या छोट्या लहरी सायकलींच्या झीजेत फारशी भर घालत नाहीत, मोठा उतारच झीज ठरवतो. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, संध्याकाळसाठी भरलेली बॅटरी 90-95 टक्क्यांवर तासन्‌तास थांबू देऊ नका. तिथे कॅलेंडर झीज जास्त असते आणि वर चार्जच्या झटक्यांना जागाही उरत नाही, म्हणून भरणी मागणीच्या अगदी आधी पूर्ण होईल असं वेळापत्रक लावा. दोन, खोल डिस्चार्ज संपल्यावर सेल गरम असतात. लगेच पूर्ण ताकदीच्या फ्रिक्वेन्सी सेवेत उतरवण्याआधी त्यांना निवायला वेळ द्या, किंवा तेवढ्या तासांसाठी कमी ताकदीची बोली लावा.